गुंठ्याला बारा मिनिटं

राहीबाईच्या खाचरांत पाणी पुरत नाही याचं कारण खेकडे आहेत, असं महिपतीने जानेवारीतच जाहीर करून टाकलं होतं. महिपती तिचा दीर. बत्तीस वर्षं मुंबईत एका कारखान्यात फिटर होता, आणि रिटायर होऊन गावी आला तो पिंपळकोंडला शहाणं करून सोडायचंच असं ठरवून. त्याने एकदा निदान केलं की ते फिरायचं नाही. त्यामुळे राहीबाई महिनाभर बांधावरून ओणवी चालत होती. दिसेल त्या भोकात चिखल कोंबत होती, वरून दगड ठोकत होती. खेकडे बिचारे दुसरीकडे राहायला गेले, पण पाणी काही शेवटच्या खाचरापर्यंत आलं नाही.

पिंपळकोंड म्हणजे उमरठच्या अलीकडे डोंगराला चिकटलेली वाडी. निम्मी घरं कुलपात आणि निम्म्यांत म्हातारी माणसं. खाली नदी. पावसाळा सरला की वाडी सिमेंटच्या रिकाम्या गोण्यांत वाळू भरून नदीत बांध घालते, त्याच्यामागे पाणी तुंबतं, आणि त्या पाण्यावर चार घरांचं उन्हाळी पीक उभं राहतं. मोटर एकच, तीन हॉर्सपॉवरची, चौघांच्या सामाईकीची. कुशाबाची चाळीस गुंठे जमीन नदीला लागून. त्याच्या शेजारी चांगूची वीस, मग महिपतीची वीस. राहीबाईची वीस मात्र वर, चढ चढून गेल्यावर सात पायऱ्यांसारख्या सात खाचरांत. वाटणी झाली तेव्हा थोरल्या भावाला, म्हणजे राहीबाईच्या आता हयात नसलेल्या नवऱ्याला, वरची जमीन मिळाली, कारण भात तिथे चांगलं यायचं. पावसाला खालचं-वरचं कळत नव्हतं. मोटरीला ते कळतं, हे तेव्हा कोणाच्या डोक्यात यायचं कारण नव्हतं.

महिपती यायच्या आधी पाण्याची पाळी भांडणावर चालायची. ज्याचा आवाज मोठा त्याचं खाचर ओलं. महिपतीने ते बंद केलं, आणि त्याबद्दल राहीबाई त्याला मनापासून मानायची. त्याने चौघांना बांधावर बसवलं आणि काठीने धुळीत हिशोब मांडला. वाडीची रीत तीन बोटं पाणी द्यायची. तीन बोटं म्हणजे पाच सेंटिमीटर धरू. एक चौरस मीटर जमिनीवर एक मिलिमीटर पाणी उभं केलं तर ते बरोबर एक लिटर भरतं. पाच सेंटिमीटर म्हणजे पन्नास मिलिमीटर, म्हणजे पन्नास लिटर. गुंठा म्हणजे एकशे एक चौरस मीटर. एकशे एक गुणिले पन्नास, पाच हजार पन्नास लिटर. आणि मोटरीच्या पाटीवर लिहिलंय, सेकंदाला सात लिटर.

"पाच हजार पन्नासला सातानं भागा," महिपती म्हणाला होता. "सातशे एकवीस सेकंद. म्हणजे गुंठ्याला बारा मिनिटं. फिक्स! ज्याचे जेवढे गुंठे, त्याला तेवढ्या वेळा बारा."

वीस गुंठ्यांना चार तास, कुशाबाच्या चाळीसला आठ. सगळे मिळून वीस तास. आठवड्यातून तीन दिवस, दिवसाला आठ तास थ्री फेज वीज येत होती, म्हणजे चोवीस तास. चार तास शिल्लक, बिघाडाला आणि खोळंब्याला. इतका चोख हिशोब पिंपळकोंडने कधी पाहिला नव्हता. कुशाबासारखा आडमुठा माणूससुद्धा मान हलवून उठला. "गुंठ्याला बारा" हे लग्नातल्या आहेराच्या ठरावासारखं वाडीच्या तोंडी बसलं.

राहीबाईला त्या वर्षी पीक यायलाच हवं होतं. मुलगा ओंकार नालासोपाऱ्याला राहायचा आणि दर रविवारी फोनवर एकच पाढा म्हणायचा. आई, एकटी कशाला राहतेस, इकडे ये. गेल्या वर्षी ती तापाने चार दिवस घरात पडून होती आणि कोणाला कळलंही नव्हतं, तेव्हापासून तो जास्तच बोलायला लागला होता. शेवटी दिवाळीत तिने त्याला शब्द दिला. यंदा वीस गुंठे भुईमूग लावते. तो नीट आला तर तू मला परत विचारायचं नाही. नाही आला तर मी मुकाट पिशवी भरते. ओंकार हसला होता. तिने मात्र ते हसण्यावारी नेलं नव्हतं. दोन खोल्यांत, सुनेच्या वेळेवर, खिडकीतून समोरच्या खिडकीकडे बघत बसायचं, हे तिला नको होतं.

भुईमूग उगवला झकास. पण फुलं पडून आऱ्या, म्हणजे शेंग धरणारे देठ, सुटल्या आणि जमिनीकडे वळल्या, तेव्हा माती ओली हवी तर ती कडक. आरी जमिनीत शिरली नाही तर शेंग कुठून धरणार? वरची चार खाचरं जेमतेम भिजायची. पाचव्याच्या तोंडाशी पाणी यायचं आणि तिथेच दम टाकायचं. खालच्या तिघांच्या रानात मात्र बेडूक ओरडत होते.

"भावजी, पाणी कमी येतंय," ती चौथ्यांदा महिपतीला म्हणाली.

"अगं वयनी, मोटर तीच, तास तेवढंच. कमी कसं येईल?"

"ते मला काय ठाव? तुमी एकदा वर येऊन बघा तर."

"आवाज ऐक ना मोटरीचा. खाली चालते तशीच वर चालते ना? मग?"

आवाज सारखाच होता, हे खरं. सगळी वाडी मोटरीचं काम आवाजावरून ओळखायची. पण राहीबाईने आता हट्टच धरला. तिने निळं पिंप डोक्यावर घेतलं, दोनशे लिटरचं, लग्नाकार्यात पाणी भरायचं, आणि ते घेऊन ती महिपतीच्या दारात जाऊन उभी राहिली.

"घागर किती वेळात भरते ते बाईमाणसाला कळतं," ती म्हणाली. "हे खाली भरा आणि वर भरा. सारखं भरलं तर मी परत तोंड उघडणार नाय."

महिपती कुरकुरला, पण माणूस आकड्यांशी इमान राखणारा. माणसांसमोर तो कधी कधी कचरायचा, आकड्यांसमोर कधीच नाही. त्याने आधी स्वतःच्या रानात पाइपाचं तोंड पिंपात धरलं आणि मोबाइलवर वेळ लावली. पिंप साडेअठ्ठावीस सेकंदांत काठोकाठ. पाटीवर लिहिल्याप्रमाणे, सेकंदाला सात. महिपतीने विजयी नजरेने वहिनीकडे पाहिलं. मग दोघं चढ चढून वर गेले. तिथे पाण्याची धार नुसती बघूनच त्याचा चेहरा उतरायला लागला. पिंप अर्धं झालं तेव्हाच अठ्ठावीस सेकंद होऊन गेले होते. भरलं तेव्हा सत्तावन्न.

त्याने पुन्हा भरून पाहिलं. पुन्हा सत्तावन्न.

"साडेतीन लिटर," तो खाली बसत म्हणाला. "पाटीवरचे सात हाय ते ठरावीक उंचीपर्यंत. त्याच्यावर चढवलं की मोटर तेवढीच ओरडते, पण पाणी कमी फेकते. हे माझ्या ध्यानात यायला पायजे होतं."

"म्हंजे किती कमी?"

"बरोबर निम्मं. चार तासांत तुला एक लाख लिटर मिळायला हवं होतं, मिळालं पन्नास हजार. तीन बोटांऐवजी दीड बोट." त्याने मोबाइलवरची वेळ पुन्हा पाहिली. "तुला गुंठ्याला चोवीस मिनिटं लागतात, वयनी. वीस गुंठ्यांना आठ तास."

राहीबाईला हसूही आलं आणि संतापही आला. महिनाभर ती खेकड्यांच्या मागे लागली होती. कंबर मोडली होती, बोटांची सालं निघाली होती. पण महिपती डोक्याला हात लावून इतका केविलवाणा बसला होता, की तिला त्याला बोलवेना. आणि आत कुठेतरी आनंदच जास्त होता. ती खोटं बोलत नव्हती, आळशी नव्हती, तिला बांध घालता येत नव्हता असंही नव्हतं. आता ते आकड्यात आलं होतं. आकड्यात आलेलं महिपती खाली पडू देत नाही, हे तिला माहीत होतं.

"शिमग्याला सहाणेवर मांडतो," महिपती म्हणाला. "सोळा तास खालचे, आठ तुझे. चोवीस होतात. बरोबर बसतंय."

सहाण म्हणजे शिमग्यात पालखी टेकवायचा दगडी चौथरा. पिंपळकोंडची जुनी रीत अशी, की पालखीसमोर सहाणेवर जे ठरेल ते पुढच्या शिमग्यापर्यंत मोडायचं नाही. भांडण करायचं ते आधी करा, नाहीतर मग वर्षभर गप्प बसा. राहीबाईला ही रीत आवडायची. एकदा तिथे आठ तास ठरले की कुशाबा मध्येच कुरबुर करायला मोकळा राहणार नव्हता. तिने पालखीला नारळ आणून ठेवला, आणि रविवारी ओंकारचा फोन आला तेव्हा त्याला म्हणाली, "पाण्याचं कोडं सुटलं रे. आता बघच तू."

शिमग्याला दोन दिवस उरले असताना वायरमन सांगून गेला, की उन्हाळ्याचा लोड वाढलाय, आता दिवसाला आठ नाही, सहा तास थ्री फेज मिळेल. तीन दिवसांचे अठरा तास. चोवीसचे अठरा झाले.

पालखी सहाणेवर बसली, आरत्या झाल्या, खेळे नाचून गेले. मुंबईहून आलेली पोरं मोबाइलवर फोटो काढून पांगली. मग चार घरांची माणसं चौथऱ्याच्या कडेला बसली. महिपतीने सगळं सांगितलं. स्वतःची चूकसुद्धा लपवली नाही, हे राहीबाईने मनात टिपून ठेवलं. पिंप कसं भरलं, सात कुठे आणि साडेतीन कुठे, गुंठ्याला बारा आणि वर चोवीस.

"आता तास अठराच," तो पुढे म्हणाला. "चोवीसच्या जागी अठरा, म्हंजे सगळ्यांचं पाणी पाऊण करू. तीनच्या जागी सव्वादोन बोटं. खाली गुंठ्याला नऊ मिनिटं, वर अठरा. कुशाबाला सहा तास, चांगूला तीन, मला तीन, वयनीला सहा. झाले अठरा. कोणावर अन्याय नाय."

चांगूने मान हलवली. तो कशालाही मान हलवायचा. राहीबाई कुशाबाकडे पाहत होती. कुशाबाने तंबाखू मळली, तोंडात टाकली, आणि अगदी शांतपणे बोलायला लागला. एरवी ओरडणारा माणूस शांतपणे बोलू लागला तेव्हाच ती सावरून बसली.

"महिपती, तू शिकलेला. मला अडाण्याला एक सांग. वयनीच्या सहा तासांत वर किती पाणी पडेल?"

महिपतीने क्षणभर डोळे मिटले. "पंचाहत्तर हजार लिटर. वर थोडं."

"आनि तेच सहा तास मोटर खाली चालवली तर?"

"दीड लाख."

"मंग राहिलेलं पंचाहत्तर हजार जातं कुठं?"

"जात नाय कुठं. नदीतच राहतं. मोटरीचा जोर चढण्यात खर्च होतो."

"जोर आपल्या चौघांचा ना? लायटीचे तास पण चौघांचे." कुशाबा आता सगळ्यांकडे बघून बोलत होता. "तासांचा दुष्काळ हाय. नदीत पाणी हाय, पण तास नाय. अशा वेळी तास कुठं घालायचा? जिथं त्याचं दुप्पट पाणी होतं तिथं, का निम्मं होतं तिथं? खालच्या ऐंशी गुंठ्यांना बारा-बारा मिनिटांनी सोळा तास लागतात. ऐंशी गुंठं तीन बोटांनी भिजतात, पीक पदरात पडतं. नायतर सव्वादोन बोटांनी सगळ्या शंभर गुंठ्यांचं अर्धवट. वरची जमीन पावसाची हाय, तिला उन्हाळ्यात कशाला नाचवायची? सोळा झाल्यावर जे दोन तास उरतील, ते वयनीचे. आमी काय तिला उपाशी ठेवणार नाय."

"दोन तासांत माझं काय भिजणार?" राहीबाईचा आवाज चढला. "गेल्या आठवड्यापर्यंत मला चार होते!"

"ते चुकून होते, वयनी," कुशाबा म्हणाला, आणि त्याच्या बोलण्यात खरोखर राग नव्हता. "तुमीच पिंप घेऊन गेलात ना मोजायला? मोजलं ते बरं झालं. आमाला कुठं ठाव होतं, तुमच्याकडं तास निम्मा वाया जातो ते."

तिने महिपतीकडे पाहिलं. आता हा बोलेल, असं तिला खात्रीने वाटलं. वाया जात नाही, असं आत्ताच तर तो म्हणाला होता. जमीन तिने मागून घेतली नव्हती, वाटणीत आली होती, आणि त्या वाटणीवर याचीही सही होती. मोटरीत तिचाही चौथा हिस्सा होता. बंधाऱ्याच्या गोण्या भरायला ती पुरुषांच्या बरोबरीने कमरेएवढ्या पाण्यात उभी राहिली होती. यातलं एक वाक्य जरी तो बोलला असता तरी चांगूने त्यालाही मान हलवली असती.

"बोल महिपती," कुशाबा म्हणाला. "पालखीसमोर बसलायस. एक तास खाली आनि एक तास वर. खाली दुप्पट पाणी मिळतं, हे बरोबर का चूक?"

महिपती काठीने धुळीत रेघा ओढत होता. त्याचे स्वतःचे वीस गुंठे खाली होते. कुशाबाच्या हिशोबाने त्याला तीनच्या जागी चार तास मिळत होते, हे त्याचं डोक्यात केव्हाच मांडून झालं असणार. राहीबाईला ते दिसत होतं, आणि तो मान वर करत नव्हता म्हणून तर अगदी स्वच्छ दिसत होतं.

"बरोबर हाय," तो म्हणाला.

चांगूने मान हलवली. कुशाबाने पालखीसमोर नारळ फोडला. तो राहीबाईनेच आणून ठेवलेला नारळ होता.

दोन तासांची पाळी तिच्याकडे लाइटीच्या तिसऱ्या दिवशी संध्याकाळी आली. ती वरच्या खाचराच्या तोंडाशी फावडं घेऊन उभी होती. चढावरून धापा टाकत महिपती आला. हातात गूळ-शेंगदाण्याची पुडी होती, का आणली होती ते त्यालाच ठाऊक. तिने पुडी घेतली नाही. 

"भावजी, एक सांगा," ती म्हणाली. "पिंप भरलंच नसतं तर? अठरा तास झाल्यावर मला किती आले असते?"

महिपतीला आकडा विचारला की तो दिल्याशिवाय राहवत नसे. "जुन्या हिशोबानं गुंठ्याला पावणेअकरा मिनिटं. तुला साडेतीन तास आले असते. थोडे जास्तच."

"आनि आता दोन."

तो पाइपाचं तोंड विनाकारण सरळ करू लागला.

"म्हंजे तुमचा हिशोब चुकला होता तोवर मी बरी होते," राहीबाई म्हणाली. "तो बरोबर केलात आनि मी मेले."

"वयनी, आकडा खोटा कसा सांगू मी? पालखीसमोर..."

"आकडा खोटा नव्हताच भावजी. त्यांनी तुमाला तेवढंच विचारलं, आनि तुमी तेवढंच बोललात. बाकीचं तुमाला येत नव्हतं काय?"

महिपतीने पुडी खिशात घातली. तिला त्याची कीव आली नाही. पूर्वी यायची, आता ती कीव कुठे गेली हे तिलाही कळेना. ती पाचव्या गुंठ्याशी गेली आणि फावड्याने आडवी माती ओढून पाणी तिथेच अडवलं. गुंठ्याला चोवीस मिनिटं, दोन तासांत पाच गुंठे. हा हिशोब तिने मनात केला होता आणि तो तिला कोणाकडून तपासून घ्यायचा नव्हता. पाच गुंठे तीन बोटांनी भिजवायचे आणि पंधरा सोडून द्यायचे. पसरून घातलं असतं तर वीसही गेले असते. पंधरा गुंठ्यांतली रोपं अजून हिरवी होती. त्यांच्याकडे पाठ करून उभं राहायला तिला फार जड गेलं.

पुढचे आठवडे ती तेवढ्याच पाच गुंठ्यांना पाणी देत राहिली. एका आठवड्यात लाइट गेली आणि ते दोन तासही आले नाहीत, कारण सोळा आधी आणि दोन नंतर, असंच ठरलं होतं. वरची उरलेली रोपं आधी पिवळी पडली, मग कडक झाली. राहीबाईने ती चांगूच्या बैलांना कापून घातली. खाली कुशाबाची कलिंगडं पोसली होती. तो येता-जाता तिला हाक मारून एखादं घ्यायला सांगायचा, आणि तो ते मनापासून सांगायचा, हेच तिला सहन होत नव्हतं.

वैशाखात ओंकार आला. शेंगांची दोन पोती ओटीवर उभी होती, वीस गुंठ्यांतून दोन. त्याने ती हाताने चाचपून पाहिली. शहाणा होता, आईने दिवाळीत दिलेला शब्द त्याने तोंडातून काढला नाही. राहीबाईने पिशवी आधीच भरून ठेवली होती. दोन पातळं, देव, आणि दिवाळीचा फुटका आकाशकंदील, जो तिने का घेतला ते तिलाही सांगता आलं नसतं.

निघताना महिपती दारात उभा होता. कुलपाची किल्ली त्याच्याकडेच द्यायची होती. किल्लीबरोबर तिने एक कापडी पिशवी त्याच्या हातात दिली. आत निवडून ठेवलेल्या, भरलेल्या शेंगा होत्या, पुढच्या हंगामाला बियाण्यासाठी.

"वयनी, हे मला कशाला? परत आल्यावर तूच लाव."

"तुमच्या रानात पेरा," राहीबाई म्हणाली. "तिथं गुंठ्याला बारा मिनिटांत भागतं."

आणि ती ओंकारच्या मागोमाग गाडीच्या वाटेला लागली.